सर्पदंश, डोनाबेडियन आणि रात्री कुलूपबंद असलेलं कपाट

प्रश्न: मी एमडी कम्युनिटी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिसिसचा विषय, आमच्या रुग्णालयात सर्पदंशाच्या रुग्णांना मिळणाऱ्या सेवेची गुणवत्ता. दोन वर्षांचे १८० केसपेपर काढलेत. गाईड म्हणाले डोनाबेडियनचं स्ट्रक्चर-प्रोसेस-आउटकम वापर. मी ८६ मुद्द्यांची चेकलिस्ट केली. स्ट्रक्चरचा स्कोअर ८१ टक्के, प्रोसेसचा ६४ टक्के, आणि मृत्यू ५. आता या तिन्हींचा एकमेकांशी संबंध दाखवायला कोणती टेस्ट लावू? रुग्णालय कोकणातलं आहे, रात्री स्टाफ कमी असतो.

कोणतीही टेस्ट लावा, उत्तर येणार नाही. तुमच्याकडे स्ट्रक्चरचा आकडा एकच आहे, ८१. तो १८० रुग्णांना सारखाच लागू होतो. जी गोष्ट बदलतच नाही तिचा कशाशीही संबंध दाखवता येत नाही. एका रुग्णालयावर केलेल्या बहुतेक थिसिस इथेच अडतात, आणि मग तीन वेगवेगळी प्रकरणं, तीन पाय चार्ट आणि शेवटी ‘स्ट्रक्चर चांगले आढळले’ असं वाक्य लिहून सुटका करून घेतात. मी कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत बरीच वर्षं कॅज्युअल्टी पाहिली आणि नंतर अशा थिसिस तपासल्याही. त्या अनुभवावरून सांगतो. गाडी रुळावर आणता येईल, पण ८६ मुद्द्यांपैकी बरेच सोडून द्यावे लागतील.

आधी डोनाबेडियन यांनी नेमकं काय म्हटलं होतं ते पाहू. त्यांचा मूळ लेख १९६६चा. स्ट्रक्चर म्हणजे रुग्णालयाकडे असलेली साधनं आणि माणसं, प्रोसेस म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष दिलेली सेवा, आणि आउटकम म्हणजे रुग्णाचं पुढे काय झालं. त्यात स्ट्रक्चर, प्रोसेस आणि आउटकम हे गुणवत्तेचे तीन तुकडे म्हणून मांडलेले नाहीत. गुणवत्तेबद्दल अंदाज बांधायला माहिती कुठून मिळेल, त्या या तीन जागा आहेत. पुढे १९८८च्या लेखात त्यांनी स्पष्ट केलं की चांगल्या स्ट्रक्चरमुळे चांगल्या प्रोसेसची शक्यता वाढते आणि चांगल्या प्रोसेसमुळे चांगल्या आउटकमची. हे दुवे आधीच माहीत असायला हवेत, तरच चौकट उपयोगी पडते. म्हणजे प्रत्येक मुद्द्याला विचारायचं: याचा पुढच्या पायरीशी दुवा वैद्यकशास्त्राने दाखवलेला आहे का? वेटिंग हॉलमध्ये पंखा आहे की नाही याचा सर्पदंशाच्या रुग्णाच्या रक्ताशी काही दुवा नाही. तो मुद्दा गेला. व्हीलचेअर गेली. भिंतीवरचं पोस्टर गेलं. तुमच्या ८१ टक्क्यांत व्हीलचेअरला आणि काचेच्या टेस्ट ट्यूबला सारखाच एक गुण मिळालाय. म्हणून तो आकडा मला काहीच सांगत नाही.

तर सर्पदंशात दुवे घट्ट कुठे आहेत? मी एकच साखळी घेतो, विषारी दंशानंतर रक्त न गोठणं. आपल्याकडे सड्यावरच्या फुरशामुळे आणि बागेतल्या, भातखाचरातल्या घोणशीमुळे हेच चित्र वारंवार दिसतं. या साखळीची पहिली कडी म्हणजे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतून दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा तिरपं करून पाहायचं. रक्त वाहिलं तर गोठण्यात बिघाड. या चाचणीसाठी यंत्र लागत नाही, पण ट्यूब काचेचीच हवी. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये रक्त नीट गोठत नाही, आणि साबणाच्या पावडरने धुतलेल्या जुन्या काचेच्या ट्यूबमध्येही गोठत नाही. मग विष न चढलेल्या माणसाची चाचणीही बिघडलेली दिसते आणि त्याला सर्पविषावरचं औषध, म्हणजे एएसव्ही, नाहक मिळतं. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये नव्या काचेच्या ट्यूब आहेत का, हा स्ट्रक्चरचा प्रश्न. चाचणी वेळेत आणि नीट झाली का, हा प्रोसेसचा. या दोघांतला दुवा रसायनशास्त्रानेच बांधून दिलेला आहे. असे पाच-सहा दुवे मिळाले तरी थिसिस उभी राहते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. एकाच रुग्णालयात स्ट्रक्चर बदलतं कसं? रुग्णालयाची इमारत तीच राहते, पण रुग्ण ज्या घटकेला दारात येतो त्या घटकेचं रुग्णालय वेगळं असतं. मी जिथे काम केलं त्यातल्या एका ठिकाणी स्टॉक रजिस्टरमध्ये एएसव्ही वर्षभर कधीच शून्यावर गेलेलं नव्हतं. तपासणीला येणारे साहेब खूश असायचे. पण व्हायल ठेवलेलं कपाट मुख्य स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली रात्री फार्मासिस्टच्या घरी. कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये चार व्हायल असत. पहिला रुग्ण आला की त्या संपत. दुसरा रुग्ण आला की शिपाई किल्ली आणायला जायचा, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला पाणी असलं तर अर्धा तास सहज जायचा. वार्षिक चेकलिस्टवर ‘एएसव्ही उपलब्ध: होय’, आणि रात्री दोनला आलेल्या माणसासाठी उत्तर ‘नाही’.

म्हणून स्ट्रक्चर रुग्णालयासाठी एकदा मोजू नका. प्रत्येक रुग्णाच्या आगमनाच्या वेळेसाठी मोजा. एका रुग्णाची एक्सेलमध्ये एक ओळ. त्या ओळीत आगमनाची तारीख आणि वेळ, मग त्या वेळी कॅज्युअल्टीत प्रत्यक्ष किती व्हायल होत्या, स्टोअर उघडं होतं की बंद, ड्युटीवर मेडिकल ऑफिसर जागेवर होता की ऑन कॉल, ट्यूब होत्या का. व्हायलचा हिशेब मागे जाऊन लावता येतो. कॅज्युअल्टीच्या इंडेंट बुकात किती आणल्या याची नोंद असते, आणि रुग्णांच्या पेपरवर किती वापरल्या याची. दोन्हींची वजाबाकी तारीखवार करत गेलं की त्या रात्री फ्रिजमध्ये किती शिल्लक होत्या ते बऱ्यापैकी कळतं. दोन दिवस किचकट काम आहे, पण थिसिसमधलं हे सर्वांत मोलाचं काम. ड्युटी रोस्टरवरून मनुष्यबळ काढा. ट्यूबची नोंद कुठेच सापडणार नाही. तिथे सिस्टर आणि लॅब टेक्निशियनशी बोला आणि ‘ही माहिती मुलाखतीवरून’ असं प्रामाणिकपणे लिहा.

हे केलं की स्ट्रक्चर हलायला लागतं: दिवस आणि रात्र, रविवार आणि सोमवार, जूनमधली गर्दी आणि फेब्रुवारीतली शांतता. आता त्याचा प्रोसेसशी संबंध पाहता येतो.

प्रोसेसमध्ये बहुतेक जण छेदात चुकतात. ‘१८० पैकी ११० जणांना एएसव्ही दिलं’ हे वाक्य गुणवत्तेबद्दल काही सांगत नाही. चावलेल्यांत बिनविषारी साप असतात आणि कोरडे दंशही, म्हणजे विष न टोचलेले, असतात. त्यांना एएसव्ही न देणं हीच चांगली सेवा. प्रत्येक सूचकाचा छेद वेगळा लिहा. आगमनानंतर अर्ध्या तासात रक्ताची चाचणी सुरू झाली का, याचा छेद सगळे १८०. एएसव्ही वेळेत सुरू झालं का, याचा छेद फक्त ज्यांना ते हवं होतं ते. आणि घड्याळ कुठून सुरू करायचं तेही ठरवा. एखाद्याची चाचणी आल्यावर ठीक होती आणि चार तासांनी बिघडली, तर त्याचं घड्याळ त्या चौथ्या तासापासून चालू होतं. गेटपासून मोजलंत तर ज्या वॉर्डने चाचणी पुन्हा पुन्हा करून बिघाड पकडला तोच वॉर्ड तुमच्या तक्त्यात ढिला ठरेल.

डोसही याच छेदात. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पहिला डोस ८ ते १० व्हायल, मुलांनाही तेवढाच, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. मग सहा तासांनी चाचणी पुन्हा. मी पाहिलेल्या पेपरांत पहिला डोस बहुधा बरोबर असायचा, सहा तासांची चाचणी मात्र गायब असायची, कारण तोवर ड्युटी बदललेली असते. तुमच्याकडेही हा सूचक बघाच. रात्री दहाला डोस घेतलेल्यांची चाचणी पहाटे चारला यायला हवी होती. ती किती जणांची झाली?

आता केसपेपरमधल्या वेळा. सगळ्या खऱ्या मानू नका. चाचणी घेतल्याची वेळ १०.०५ आणि निकाल ‘नॉर्मल’ १०.१० असेल तर ती वीस मिनिटांची चाचणी झालेलीच नाही. वेळा बहुतेक पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या दिसल्या, तर कुणीतरी नंतर बसून लिहिलंय. डॉक्टरने एएसव्हीची ऑर्डर लिहिली ती वेळ आणि सिस्टरच्या इंजेक्शन शीटवरची वेळ, या दोन्हींत फरक असतो. तुम्हाला दुसरी हवी. जिथे नोंदच नाही तिथे ‘केलं नाही’ लिहू नका. ‘केलं’, ‘केलं नाही’ आणि ‘नोंद नाही’ असे तीन रकाने ठेवा. घाईच्या रात्री काम झालेलं असतं पण लिहिलेलं नसतं, आणि काही वेळा उलटही. नोंद नसलेले पेपर रात्रीचे जास्त असतील तर तेही स्ट्रक्चरबद्दलच काहीतरी सांगतात.

आता आउटकम. पाच मृत्यूंवर रिग्रेशन करू नका. ढोबळ नियम असा की रिग्रेशनमधल्या एका घटकामागे दहाएक घटना तरी हव्यात. तुमच्याकडे जेमतेम अर्ध्या घटकापुरतं आहे. मधले आउटकम घ्या: एएसव्हीनंतर सहा तासांत रक्त गोठायला लागलं का, दाखल झाल्यावर किडनीला इजा झाली का, व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागलं का, एएसव्हीची तीव्र रिअॅक्शन आली का. किडनीसाठी व्याख्या पक्की धरा: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढणं, किंवा सात दिवसांत दीडपट होणं. जो आलाच बिघडलेलं क्रिएटिनिन घेऊन, त्याला या आउटकमच्या छेदातून वगळा. त्याची किडनी तुमच्या रुग्णालयाने बिघडवलेली नाही. आदल्या रात्री मांत्रिकाकडे गेलेला वेळ तुमच्या वॉर्डच्या नावावर का टाकायचा?

इथे एक सापळा आहे, आणि परीक्षक यावर नक्की विचारतील. तो आकड्यांतच दाखवतो. आकडे काल्पनिक आहेत, फक्त हिशेबासाठी. समजा एएसव्ही हवे असलेले ११० रुग्ण. त्यातल्या ६० जणांना तासाभरात मिळालं, ५० जणांना उशिरा. किडनीची इजा पहिल्या गटात १२ जणांना, म्हणजे २० टक्के. दुसऱ्या गटात ८ जणांना, म्हणजे १६ टक्के. लवकर एएसव्ही दिलं तर किडनी जास्त बिघडते, असा निष्कर्ष? अर्थात नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येत असलेला माणूस स्ट्रेचरवर आला की अख्खी कॅज्युअल्टी धावते. पायाला थोडी सूज असलेला बाकावर बसून राहतो. म्हणजे जास्त आजारी असलेल्यालाच लवकर मिळतं.

तोच हिशेब आगमनाच्या वेळच्या तीव्रतेने वाटून पाहा. तीव्र रुग्ण ४०: त्यांतल्या ३० जणांना लवकर मिळालं, १० जणांना इजा, म्हणजे ३३ टक्के. १० जणांना उशिरा मिळालं, ५ जणांना इजा, म्हणजे ५० टक्के. सौम्य रुग्ण ७०: ३० जणांना लवकर, २ जणांना इजा. ४० जणांना उशिरा, ३ जणांना इजा. दोन्हीकडे जवळपास सात टक्के. बेरीज करून बघा, १२ आणि ८च येतात. आकडे तेच, पण चित्र उलटलं: तीव्र रुग्णांत उशीर महाग पडतोय, सौम्य रुग्णांत फरक दिसत नाही. अर्थात उशीर झालेले तीव्र रुग्ण दहाच आहेत, त्यामुळे इतक्या लहान गटावर ‘सिद्ध झाले’ असं लिहू नका. कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या, ते किती रुंद आहेत ते दिसू द्या.

म्हणून प्रत्येक ओळीत तीव्रतेचे रकाने हवेतच: दंशापासून आगमनापर्यंतचा वेळ, आल्यावर रक्तस्राव होता का, पहिली चाचणी, पहिलं क्रिएटिनिन, पापण्या पडल्या होत्या का. सापाचं नाव बहुतेक पेपरवर ‘अज्ञात’ असेल, आणि लिहिलेलं असलं तरी मी फार भरवसा ठेवत नाही. कोकणात भ्यालेल्या माणसाला प्रत्येक साप फुरसं दिसतो. लक्षणांवरून गट करा: रक्तावर परिणाम, मज्जासंस्थेवर परिणाम, फक्त जागेवरची सूज. एवढं करूनही जाती मध्ये येतातच. घोणशीच्या विषाने किडनी जाते, फुरशाने त्या मानाने क्वचित. त्यामुळे तुमच्या तालुक्यात फुरसं जास्त असेल तर किडनीचे आकडे आपोआप चांगले दिसतील, त्यात रुग्णालयाचं श्रेय नाही. दुसरी टोकाची बाब चापड्याची. भारतात मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याच विषाविरुद्ध असतं. चापडा चावलेल्या रुग्णाचं रक्त दहा व्हायलनंतरही गोठलं नाही तर तो प्रोसेसचा दोष म्हणून मोजू नका. शिवाय एएसव्ही बनवायला लागणारं विष बहुतांशी तामिळनाडूतल्या सापांचं असतं. आउटकमचा काही भाग तुमच्या रुग्णालयाच्या हातातच नाही, आणि मर्यादांच्या प्रकरणात हे नेमक्या शब्दांत यायला हवं.

रेफर केलेल्यांचं काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. १८० पैकी ५ मृत्यू हा आकडा मला म्हणून अर्धवट वाटतो. सिंधुदुर्गातून रुग्ण गोव्यातल्या बांबोळीला जातात, रत्नागिरीतून बरेच कोल्हापूरला. डायलिसिस लागेल असं दिसलं की रुग्णवाहिका घाट चढायला लागते, आणि पेपरवर ‘रेफर’ लिहून फाईल बंद होते. ती माणसं जगली की गेली हे तुमच्या आकड्यांत नाहीच. जे रुग्णालय जितकं लवकर रेफर करतं तितका त्याचा मृत्युदर सुंदर. ‘रेफर’ आणि ‘सल्ल्याविरुद्ध घरी’ असे दोन वेगळे आउटकम ठेवा. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन नातेवाईकांना फोन करा, तीसव्या दिवशी काय झालं होतं ते विचारा. दोन वर्षांपूर्वीचे निम्मे नंबर लागणार नाहीत. जे लागणार नाहीत त्यांच्यासाठी दोनदा हिशेब करा: एकदा ते सगळे जगले असं धरून, एकदा सगळे गेले असं धरून. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं तरी ठामपणे म्हणता येईल.

आता तुमच्या मूळ शंकेपुरतं. आधी दुवा स्ट्रक्चर ते प्रोसेस: आगमनाच्या वेळी कॅज्युअल्टीत आठ व्हायल होत्या की नव्हत्या, आणि एएसव्ही सुरू व्हायला किती मिनिटं लागली. मिनिटं कधीच सरळ वाटलेली नसतात, दोन-तीन रुग्णांना पाच-पाच तास लागलेले असतात, म्हणून सरासरीऐवजी मीडियन आणि मॅन-व्हिटनी टेस्ट. मग दुवा प्रोसेस ते आउटकम, तीव्रतेने वाटून, वर दाखवला तसा. स्ट्रक्चरवरून थेट आउटकमवर उडी मारू नका. ‘रात्री मृत्यू जास्त’ असं दिसलं तरी रात्री येणारे रुग्ण वेगळे असतात. अंगणात झोपलेल्या माणसाला मण्यार चावते ती रात्रीच, आणि ते मज्जासंस्थेचे रुग्ण. मधली पायरी गाळलीत की कारण हातातून निसटतं.

रुग्णांचं समाधान घ्यायचं का? डोनाबेडियन ते आउटकममध्ये धरतात, पण जुन्या केसपेपरांवरून ते मिळणार नाही. सोडून द्या.

आणि ते पाच मृत्यू. त्यांची टक्केवारी एका ओळीत लिहा आणि पुढची पाच पानं प्रत्येक मृत्यूला द्या. घड्याळाच्या काट्यावर: कुठे चावला, किती वाजता, कोणत्या वाहनाने आला, दारात किती वाजता पोचला, पहिली चाचणी कधी, फ्रिजमध्ये तेव्हा किती व्हायल, किल्ली कुठे, पहिला थेंब कधी, सहा तासांची चाचणी झाली का, श्वास मंदावल्याचं पहिल्यांदा कोणी लिहिलं. प्रत्येक खोळंब्यापुढे लिहा की तो स्ट्रक्चरचा, प्रोसेसचा, की रुग्णालयाच्या बाहेरचा. नावं अर्थातच काढून. एका व्हायवात मी परीक्षक होतो, तेव्हा उमेदवाराने अशी एकच केस फळ्यावर मांडली होती. मांडून झाल्यावर शेजारी बसलेल्या मेडिकल सुपरिटेंडेंटनी विचारलं, आमच्याकडे आत्ता रात्री किल्ली कोणाकडे असते?